शिफ्ट संपते कुठे?

रात्रपाळीचं रोस्टर एक विभाग करतो, गाड्या दुसरा विभाग लावतो. गोंधळ होतो तो या दोघांच्या मधे.

एक गाडी घेऊ. शिफ्ट रात्री 2 ला सुटते. गाडीत तिघी जणी आणि एक पुरुष सहकारी. ऑफिसपासून पहिलीचं घर 15 मिनिटांवर, सहकाऱ्याचं 20, दुसरीचं 25 आणि तिसरीचं 40. सॉफ्टवेअर अंतर बघून रूट लावतं, म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं तिसरी ड्रायव्हरबरोबर एकटी. मग क्रम बदलायचा: आधी तिघी, शेवटी सहकारी. त्याला घरी पोचायला उशीर होतो, इंधन जास्त जातं. जाऊ द्या.

पण गुरुवारी तोच सहकारी रजा टाकतो. टीम लीडर रजा मंजूर करतो, कारण त्याला फक्त कामाची माणसं दिसतात, गाडी दिसत नाही. तिसरी पुन्हा एकटी! म्हणून रजा मंजूर करणाऱ्याच्या स्क्रीनवर त्या रात्रीची गाडीही दिसली पाहिजे आणि शेवटची उतरणारी बाई असेल तर गार्ड आपोआप लागला पाहिजे. सहकाऱ्याच्या भरवशावर व्यवस्था उभी करू नये, तो काही गार्ड नाही. हेच ओव्हरटाइमचं. 'तू अर्धा तास थांब' असं एकटीला सांगितलं की तिची गाडी सुटली. थांबवायचंच असेल तर आधी गार्डसह गाडी ठरवा, मग थांबवा.

आता विश्रांती. 2 ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी 1 ची शिफ्ट. कागदावर 11 तास होतात. तिसरी घरी पोचते 2:40 ला आणि दुपारी 12:20 ला पिकअप. हातात राहतात 9 तास 40 मिनिटं. त्यातच झोप, आंघोळ, जेवण. विश्रांती पंचिंगपासून मोजू नका, घराच्या दारापासून दारापर्यंत मोजा.

सुपरवायझरची ड्यूटीही शेवटची बाई घरात शिरेपर्यंत असते. ड्रायव्हरच्या ॲपवर 'ड्रॉप झाला' हे बटण गल्लीच्या तोंडाशीही दाबता येतं. 'पोचले' हे तिने स्वतः कळवायचं. ठरल्या वेळेनंतर दहा मिनिटांत कळलं नाही तर तिला फोन, उचलला नाही तर गार्डला, मग तिने दिलेल्या घरच्या नंबरवर. हा क्रम लिहून डेस्कवर लावलेला असावा. रात्री तीनला कुणाला काही आठवत नाही.

व्यवस्था खरंच चालते का, हे बघायचं असेल तर महिन्यातून एकदा ठरलेला ड्रॉपचा क्रम आणि जीपीएसवरचा प्रत्यक्ष क्रम शेजारी ठेवून बघा. फरक बहुतेक रजेच्या आणि ओव्हरटाइमच्या रात्रींतच सापडेल. त्याच वेळी ड्रायव्हरचे तासही बघून घ्या. दिवसभर दुसरीकडे गाडी चालवून आलेला माणूस या गाडीवर नको.