ब्रेक कधी सोडायचा, सीट कधी सोडायची

(इंदूरच्या मराठी दुचाकीस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या माळव्याची जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर हलून फाटतं. त्यामुळे खंडवा रोड असो की रामबागेतली गल्ली, खड्डे दर पावसाळ्यात पुन्हा उघडणारच. त्यात कॉलनी-कॉलनीतले ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांत ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. गल्लीतला ब्रेकर उंचीला तेवढाच असतो, पण रुंदीला कधी जेमतेम हातभर. चढ उभा होतो, आणि २५चा वेग तिथे फार जास्त ठरतो.

फूटरेस्टवर उभं राहिलं की गाडीला धक्का बसत नाही, असं बरेच जण मानतात. हे अर्धंच खरं आहे. उभं राहिल्याने तुमचं वजन नाहीसं होत नाही, ते सीटऐवजी फूटरेस्टवर येतं. सीट मागच्या चाकाच्या जवळ असते आणि फूटरेस्ट साधारण गाडीच्या मध्यावर, म्हणून मागच्या शॉकअपवरचा थोडा भार कमी होतो खरा. पण पुढचं चाक ब्रेकरच्या चढावर किती जोरात आदळणार, हे जवळजवळ पूर्णपणे वेगावर ठरतं. तोच ब्रेकर १५ ऐवजी ३०ने घेतलात तर चाक दुप्पट वेगाने वर फेकलं जातं, आणि शॉकअपला पचवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. तुम्ही बसलेले आहात की उभे, याने त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून शॉकअप वाचवायचा तो वेग कमी करून, आणि पाठ वाचवायची ती सीट सोडून. उभं राहता येतं म्हणून वेग तसाच ठेवणाऱ्याची पाठ वाचेल, गाडीचा पुढचा भाग मात्र वर्षभरात वाजायला लागेल.

आता एक ब्रेकर सावकाश ओलांडून बघू. १२५ सीसीची गाडी, एकटा चालक, वेग ४०, समोर गल्लीतला उभ्या चढाचा ब्रेकर. आपल्याला त्यावर १५च्या आसपास पोहोचायचं आहे. बेताने ब्रेक लावले तर ४०वरून १५वर यायला सतरा-अठरा मीटर लागतात, म्हणून वीस-पंचवीस मीटर आधी सुरुवात करायची. दोन्ही ब्रेक, आणि वेग उतरेल तसा गिअर दुसरा.

यानंतरचा क्षण सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेकांचा चुकतो. ब्रेक लावलेला असताना गाडीचं वजन पुढे येतं आणि पुढचे शॉकअप दबतात. आपल्या रोजच्या गाड्यांत पुढच्या शॉकअपची चाल साधारण १२० मिलिमीटर. त्यातली बरीचशी चाल ब्रेकनेच खाल्ली, आणि तशातच चाक चढावर आदळलं, तर उरलेली चाल पुरत नाही. आतून ‘ठक्’ असा कोरडा आवाज येतो, तो शॉकअप तळाला टेकल्याचा. म्हणून ब्रेकरच्या तीन-चार मीटर आधी, म्हणजे दीड-दोन गाड्यांच्या लांबीइतकं अंतर ठेवून, पुढचा ब्रेक पूर्ण सोडायचा. १५च्या वेगात हे अंतर कापायला पाऊण ते एक सेकंद लागतो, आणि तेवढ्यात शॉकअप पुन्हा वर येतात. ब्रेकरला सरळ काटकोनात भिडायचं.

ब्रेक सोडता सोडताच सीटही सोडायची. ताठ उभं राहायची गरज नाही. ढुंगण सीटपासून दोन-तीन इंच उचललं तरी पुरतं, आणि शहरातल्या गर्दीत तेवढंच योग्य. गुडघे वाकलेले आणि टाकीला हलकेच चिकटलेले. कंबरेतून थोडं पुढे वाकायचं, पण पाठीला पोक काढायचा नाही. कोपरं सैल. हँडल ओढून शरीर उचलायचं नाही, भार पायांवरच यायला हवा. हँडलला लोंबकळलात तर पुढच्या चाकाचा प्रत्येक हिसका खांद्यात येतो आणि हँडलही वळतं. पाऊल थोडं मागे घेऊन चवडा फूटरेस्टवर ठेवा, नाहीतर उठताना उजव्या पायाची बोटं नकळत मागचा ब्रेक दाबतात.

पुढचं चाक ब्रेकरवरून उतरलं की लोक हुश्श करून खाली बसतात. पण गाडीची दोन चाकं एकमेकांपासून साधारण १.३ मीटर लांब असतात. १५च्या वेगात मागचं चाक सुमारे तीन दशांश सेकंदाने ब्रेकरवर येतं. तुम्ही बसता आणि नेमकी तेव्हाच सीट खालून वर येते. हा धक्का माकडहाडातून थेट कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर जातो, आणि पोक काढून बसलेल्याला तो जास्त लागतो. म्हणून मागचं चाक पूर्ण उतरेपर्यंत गुडघे वाकलेलेच ठेवायचे. पुढचं चाक उतरताना हलका ॲक्सिलरेटर दिला तर पुढचा भाग कमी आपटतो. हलकाच, झटका नको.

खड्ड्याचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे इजा होते ती खड्ड्यात उतरताना नव्हे, पलीकडच्या धारेवर आदळताना. ‘वेगात गेलं की खड्डा लागत नाही’ हे हाताएवढ्या खड्ड्याला काही अंशी लागू आहे, कारण चाकाला खाली उतरायला वेळच मिळत नाही. दोन फुटांच्या खड्ड्यात मात्र चाक उतरतं आणि मग पूर्ण वेगाने धारेवर बसतं. टायरमध्ये हवा कमी असेल तर रिमची कडाच वाकते. खड्डा उशिरा दिसला तर धारेपर्यंत जोरात ब्रेक लावा आणि चाक आत जायच्या आधी पुढचा ब्रेक सोडा. ब्रेक आवळलेलं चाक खड्ड्यात घालू नका. पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा तळ दिसत नाही, म्हणून पुढच्या गाडीचं चाक कुठून सुखरूप गेलं ते बघून त्याच रेषेने, दहाच्या आतबाहेर वेगाने जायचं.

मागे कोणी बसलं असेल तर हे सगळं निम्मंच जमतं. तुम्ही उठलात तरी मागची व्यक्ती मागच्या चाकाच्या अगदी वर बसलेली असते, आणि सगळ्यात मोठा धक्का तिलाच बसतो. ‘ब्रेकर आला’ असं सांगा, म्हणजे तिला फूटरेस्टवर भार घेता येईल. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आईला किंवा मावशीला तेही शक्य नाही. तिच्यासाठी वेग दहावर आणणं हाच उपाय. स्कूटरलाही हेच लागू. तिची चाकं दहा-बारा इंची, खड्ड्यात खोल उतरणारी, आणि पायाखालच्या सपाट फळीवरून नीट उठता येत नाही.

आपला पुढचा ब्रेक वेळेवर सुटतो की नाही, हे गाडीच सांगते. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाचं ओलं कडं दिसलं तर सील गेलं. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मधोमध ते खाचेत अडकल्यासारखं थबकलं, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, खराब झाला आहे. वर्षानुवर्षं दाबलेल्या ब्रेकनिशी ब्रेकर घेतले की त्यातल्या गोळ्यांनी बैठकीत खड्डे पाडलेले असतात. नट आवळून तो ठीक होत नाही, बदलावाच लागतो.