पॉइंट झिरो वन फोर आणि नानांची केळी

(जळगावातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेले भाषण, थोडे संपादित करून.)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘सिग्निफिकंट म्हणजे काय?’ आणि मला दिलीत चाळीस मिनिटं. त्यातली आठ सत्कारात गेली. नारळ जड होता, ही गोष्ट मात्र कुठल्याही चाचणीशिवाय सिद्ध झाली. (हशा.) चला, हसलात. म्हणजे मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय.

तीस वर्षं कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकवलं. पी-व्हॅल्यूची व्याख्या पोरांकडून घोकून घेतली, पेपरात पाच मार्कांना विचारली. पण तिचा खरा अर्थ लोक काय लावतात, ते मला निवृत्तीनंतर कळलं, यावल तालुक्यात, आमच्या नानांच्या केळीच्या बागेत. नाना माझे चुलतभाऊ, वयानं मोठे.

झालं असं. एक टॉनिकवाला बागेत आला. कंपनीचं नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणाच्या तरी शेडमध्ये ती बाटली असेलच. पोरगा नम्र, शिकलेला. म्हणाला, “काका, फुकट डेमो देतो.” आठ ओळी निवडल्या. चार ओळींना टॉनिक दिलं, चार तशाच ठेवल्या. निसवण झाली, घड भरले, कापणीला तो स्वतः वजनकाटा घेऊन हजर. प्रत्येक ओळीच्या घडांची सरासरी काढली आणि काय सांगू, सगळ्यात वजनदार चार ओळी म्हणजे नेमक्या टॉनिकवाल्या! मोबाईलवर काहीतरी टिचकी मारली आणि म्हणाला, “काका, पी-व्हॅल्यू पॉइंट झिरो वन फोर. म्हणजे टॉनिक लागू पडतं याची साडेअठ्ठ्याण्णव टक्के गॅरंटी.”

नानांनी मला फोन केला. मी म्हटलं, आकडा बरोबर आहे, वाक्य चूक आहे. नाना म्हणाले, “भो, मले नको शिकवू. घड माझ्या डोळ्यांसमोर तोलले.”

आता तो आकडा येतो कुठून, ते बघा. कॅल्क्युलेटर नको. धरून चाला की बाटलीत नुसतं पाणी होतं. मग आठ ओळींची वजनं जी व्हायची तीच झाली असती, टॉनिकचं लेबल कुणालाही लागलेलं असो. आठातल्या चार ओळींना ते लेबल सत्तर तऱ्हांनी लावता येतं. आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच, भागिले चोवीस; करून बघा घरी. त्या सत्तरांपैकी एकाच तऱ्हेत पहिल्या चारही जागा लेबलवाल्यांच्या वाट्याला येतात. एक भागिले सत्तर, म्हणजे ०.०१४. संपली पी-व्हॅल्यू. फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात असाच हिशेब चहाच्या आठ कपांवर मांडला होता. एका बाईंचं म्हणणं होतं की दूध आधी घातलंय की चहा, हे त्यांना चवीवरून कळतं. चार कप असे, चार तसे. तिथेही तेच सत्तर. त्यांनी ओळखले की नाही, हे मात्र त्यानं त्या पुस्तकात लिहिलंच नाही. आपल्याकडे आधी तेच विचारलं असतं.

पण ‘बाटलीत पाणी होतं असं धरून’ हे शब्द सोडू नका. आकडा त्या अटीच्या आतला आहे. बाटलीत पाणी असेल, तर असा निकाल योगायोगानं सत्तरात एकदा दिसेल. टॉनिकवाल्यानं वाक्य उलटं केलं: असा निकाल दिसला, तर बाटलीत पाणी असण्याची शक्यता सत्तरात एक. वेगळी गोष्ट आहे ही. पाऊस पडला तर अंगण ओलं होणार, जवळजवळ शंभर टक्के. पण मे महिन्यात, भुसावळात, संध्याकाळी अंगण ओलं दिसलं तर पाऊस पडला म्हणाल का? बाईनं सडा टाकलाय म्हणाल. कारण मे महिन्यात पाऊस किती वेळा पडतो आणि सडा किती वेळा पडतो, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

टॉनिकचंही तेच. समजा बाजारात शंभर बाटल्या आहेत आणि त्यातल्या दहाच खऱ्या गुणाच्या. हा माझा अंदाज आहे; दुकानदार मंडळींनी रागावू नये. सगळ्यांची चाचणी घेतली, नेहमीची पाच टक्क्यांची रेघ ठेवून; म्हणजे पी-व्हॅल्यू पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली आली की निकाल रेघेपलीकडे गेला, ‘सिग्निफिकंट’ झाला. चाचणी बऱ्यापैकी मोठी असेल तर दहातल्या आठ खऱ्या बाटल्या रेघेपलीकडे जातील. आणि नव्वद पाण्याच्या बाटल्यांपैकी पाच टक्के, म्हणजे साडेचार, नुसत्या नशिबानं पलीकडे जातील. साडेबारा बाटल्यांवर ‘सिग्निफिकंट’चा शिक्का, त्यातल्या साडेचार पाण्याच्या. शंभरातल्या छत्तीस. पाच नव्हे, छत्तीस! आणि गुणाच्या बाटल्या दहाऐवजी दोनच असत्या, तर शिक्केवाल्यांमध्ये पाण्याच्याच जास्त निघाल्या असत्या. पी-व्हॅल्यूला बाजार माहीत नसतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. साहेब, घड्याळ छान आहे. पाच मिनिटं द्या, मूळ गोष्ट राहिलीय.

मी बागेत गेलो. नानांना विचारलं, टॉनिकच्या ओळी कुठल्या? विहिरीकडच्या. का? पोरगा म्हणाला, पंप जवळ आहे, सोडायला सोपं. झालं! ठिबकची मेन लाइन तिथूनच निघते. शेवटच्या ओळींना प्रेशर मिळत नाही, हे नाना स्वतःच दर वर्षी सांगतात. म्हणजे फरक खरा होता, योगायोग नव्हता, पण तो पाण्याचा होता. सत्तरचा हिशेब लागू पडायला ओळी चिठ्ठ्या टाकून निवडाव्या लागतात. त्या विहिरीनं निवडल्या. सिग्निफिकंट निकाल फार तर एवढंच म्हणतो की ‘नुसतं नशीब’ हे उत्तर पटत नाही. नशीब नाही तर कोण, ते तो सांगत नाही.

आणखी दोन गोष्टी, धावत. एक, सिग्निफिकंट म्हणजे मोठा नव्हे. घडांच्या वजनात साधारण तीन किलोंचा चढउतार धरा. दोन हजार झाडं इकडे, दोन हजार तिकडे घेतली, तर सरासरीतला दोनशे ग्रॅमचा फरकही पाच टक्क्यांच्या रेघेपलीकडे जातो. दहा रुपये किलोनं दोन रुपये झाले. टॉनिकचा खर्च झाडामागे नऊ रुपये असेल, तर सिग्निफिकंट तोटा! दोन, उलटंही तितकंच खरं. चारच झाडं इकडे, चार तिकडे घेतली, तर दोन किलोंचा फरकही रेघेच्या अलीकडे राहू शकतो. म्हणून ‘सिग्निफिकंट नाही’ म्हणजे ‘गुण नाही’ असं लिहू नका. फरक किती आणि तो किती मागेपुढे असू शकतो, हे पी-व्हॅल्यूच्या आधी विचारा.

चहा आलाय, दिसतंय मला. नानांचं सांगतो आणि थांबतो. यंदाच्या मृगबागेत त्यांनी सोळा ओळींच्या चिठ्ठ्या केल्या, तांब्यात टाकल्या, आणि नातीनं आठ काढल्या. पहिलीच चिठ्ठी शेवटच्या ओळीची निघाली. पोरगा म्हणाला, “काका, ही बदलू या का?” नाना म्हणाले, “मग तांब्या कशाला आणला?” घड अजून कापायचे आहेत.