पत्रादेवी आणि सिल्वासा: गोवा नेमका कशानं सुटला, सत्याग्रहानं की शस्त्रानं?

ही पत्रादेवी. बांद्याहून गोव्यात शिरताना लागणारी सीमा. 15 ऑगस्ट 1955 रोजी हातात तिरंगा घेतलेले नि:शस्त्र सत्याग्रही इथून आत शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबहून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल इथेच पडले. तेरेखोलच्या सीमेवर हिरवे गुरुजी मारले गेले. सगळ्या सीमांवर मिळून त्या दिवशी वीसहून अधिक माणसं मारली गेली.

लिस्बनमध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार जागचा हलला नाही. का?

ब्रिटिशांचं राज्य भारतातल्याच कारकुनांवर, शिपायांवर आणि शेतसाऱ्यावर चालायचं. लोकांनी हात काढून घेतला, की ते अडायचं. पत्रादेवीला चालून आलेले बहुतेक सत्याग्रही भारतातले होते. त्यांच्या असहकारानं पणजीतलं एकही कार्यालय बंद पडणार नव्हतं. गोव्यातल्या आंदोलकांना तर आधीपासूनच तुरुंगात डांबलेलं. पोर्तुगालमध्ये वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि निवडणूक हरण्याची सालाझारला भीती नव्हती. मग त्यानं लाजायचं कुणाला?

आता एक वर्ष मागे जाऊ. दादरा आणि नगर हवेली हे दमणजवळचे, चहूबाजूंनी भारतानं वेढलेले पोर्तुगीज मुलूख. 1954 च्या जुलैमध्ये स्वयंसेवकांच्या छोट्या सशस्त्र तुकड्यांनी आधी दादरा घेतलं, मग नरोली. 2 ऑगस्टला नगर हवेलीचं मुख्य ठाणं सिल्वासा पडलं. शौर्य होतंच, पण खरी मदत केली भूगोलानं. दमणहून नगर हवेलीला कुमक पाठवायची तर भारताच्या हद्दीतून जावं लागे, आणि भारतानं ती वाट बंद केली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 1960 मध्ये निकाल लागला: सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही.

तीच बंदूक गोव्यात मात्र अपुरी पडली. गोव्याला समुद्र होता, बंदर होतं, जहाजातून सैनिक येत होते. सशस्त्र लढा देणाऱ्या आझाद गोमंतक दलाच्या मोहन रानड्यांनी ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात ते गोळी लागून पकडले गेले. गोवा सुटल्यानंतरही ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. सुटका झाली 1969 मध्ये. इतकं मोल देऊनही या तुकड्यांना गोव्यातला प्रदेश जिंकून टिकवता आला नाही.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य शिरलं आणि साधारण 36 तासांत पोर्तुगीज शरण आले. त्यामुळे गोव्यापुरतं उत्तर स्पष्ट द्यावं लागतं: शेवटचा निर्णय शस्त्रानं लागला, आणि तेही राष्ट्राच्या सैन्याच्या शस्त्रानं. सत्याग्रहाचा परिणाम लिस्बनवर झाला नाही, तो झाला दिल्लीवर. 1955 च्या गोळीबारानंतर भारतानं गोव्याशी असलेले संबंध तोडले, आर्थिक नाकेबंदी आवळली, आणि वाटाघाटींतून गोवा मिळेल ही आशा देशभर विरत गेली. लष्कर पाठवायला नेहरूंनी त्यानंतरही सहा वर्षं घेतली.