प्रश्नचिन्ह की ‘घ’? : जुन्या फाँटमधल्या मराठीची तपासणी

[दृश्य : सांगलीतलं एक डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिकांचे नमुने, कपाटात जुन्या सीड्या.]

निवेदन :
समोर आहे तालुक्यातल्या एका दूध संघाचा जुना वार्षिक अहवाल. वर्डमधला मजकूर उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला आणि मराठी गेली. काही ठिकाणी इंग्रजी अक्षरांची खिचडी, मध्येमध्ये प्रश्नचिन्हं. अशा वेळी सरळ पुन्हा टाईप करायला बसतात. थांबा. आधी काय बिघडलंय ते बघू.

[स्क्रीनवर : lkaxyh]

हे ‘सांगली’ आहे, आणि शाबूत आहे. कृतिदेवसारखा फाँट इंग्रजी अक्षरांना मराठी आकार देतो. फाइलमध्ये साठतं l, दिसतो ‘स’. फाँट काढला की आतलं l उघडं पडतं. आता फाँट नेमका कोणता? मूळ फाइल उघडा. फाँट कॉम्प्युटरवर नसला, तरी वर्ड त्याचं नाव दाखवतं. ते लिहून ठेवा, कारण नुसता मजकूर पेस्ट केला की नाव जातं. नाव हाती नसेल तर मजकुरात vkgs शोधा. कृतिदेवमध्ये ते ‘आहे’ असतं. ते जागोजागी सापडलं, तर फाँट कृतिदेव घराण्यातला. श्रीलिपीची किंवा आयएसएमची मांडणी वेगळी, त्यांना कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर चालत नाही.

कधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, त्यांचं थोडक्यात सांगतो. वर्डमध्ये चौकोनाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून Alt+X दाबा. 0900 ते 097F मधला आकडा आला तर ते युनिकोड मराठीच आहे. निर्मला किंवा मंगल फाँट द्या, दिसेल. F0 ने सुरू होणारा आकडा आला तर ते जुन्या फाँटचं खासगी चिन्ह. दोन्हीत मजकूर जिवंत आहे.

खरी मेख प्रश्नचिन्हात आहे.

[स्क्रीनवर : nw/k la?k]

हे ‘दूध संघ’. यातलं प्रश्नचिन्ह म्हणजे बिघाड नव्हे. कृतिदेवमध्ये ? म्हणजे अर्धा ‘घ’, पुढचा k त्याचा उभा दांडा. दोन्ही मिळून ‘घ’ पुरा होतो.

[स्क्रीनवर : ?ekad]

आणि हे ‘क्रमांक’ होतं. मूळ फाइलमध्ये Øekad आहे. Ø हे ‘क्र’चं चिन्ह. ते इंग्रजीच्या मूळ 128 चिन्हांच्या पलीकडचं. फक्त ती 128 मानणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर गेला, की ओळख न पटलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी ? बसतं. हे कन्व्हर्टरला दिलं तर तो इमानदारीत ‘घ्मांक’ काढून देतो. हा शब्दच नाही, त्यामुळे चूक लगेच पकडता येते.

सगळ्यात घातक आहे ‘त्त’. त्याचं चिन्ह Ùk. ताळेबंदातली ‘मालमत्ता’ बघा.

[स्क्रीनवर : ekyeÙkk → ekye?kk → मालमघा]

Ù गेलं, ? आलं, पुढे k होताच. आता हे हुबेहूब ‘घ’सारखं दिसतं. Alt+X दोन्हीकडे 003F सांगेल, म्हणजे बिघडलेल्या प्रतीत हा फरक उरलेलाच नाही. ‘उत्तर’चं ‘उघर’ होतं, ‘सत्ता’ची ‘सघा’. कन्व्हर्टर तक्रार करत नाही, आणि पानभर बरोबर मराठीत असे दोन शब्द नजरेतून सुटतात.

म्हणून बिघडलेली प्रत दुरुस्त करू नका. मूळ फाइलमध्ये त्याच जागी जा आणि Alt+X दाबा. तिथेही 003F असेल तर तो ‘घ’. 00D8 आला तर ‘क्र’ हरवलाय, 00D9 आला तर ‘त्त’.

[दृश्य : कपाटातली सीडी, मूळ फाइल उघडते.]

या अहवालाची मूळ फाइल सापडली. मजकूर तिथूनच कन्व्हर्टरमध्ये घातला, निकाल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह केला, आणि ‘क्रमांक’, ‘मालमत्ता’, ‘संघ’ हे तीन शब्द शोधून पाहिले. तिन्ही बरोबर.

मूळ फाइल नसतीच, तर बिघडलेल्या प्रतीतलं प्रत्येक ? आधी पिवळं करावं लागलं असतं. मग छापील अहवाल शेजारी ठेवून एकेक शब्द ताडायचा. ‘संघ’ लांबूनच ओळखू येतो. आडनावं आणि गावांची नावं मात्र अंदाजाने भरायची नाहीत. छापील प्रतही नसेल, तर तिथलं पिवळं तसंच ठेवून फाइल संघाकडे पाठवायची.