पाची म्हणती, 'सोन्या, ऊठ!'

नमस्कार श्रोतेहो.

परवा ओळखीतली एक अकरा वर्षांची मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, धाकट्याला पाच वर्षं पूर्ण होतायत. कार्ड मी स्वतः बनवलंय, आत कविता पाहिजे. केलीय मी, फक्त तपासून दे." मी लहान मुलांसाठी गाणी लिहिते हे तिला माहीत आहे, म्हणून ही जबाबदारी माझ्यावर आली. वही उघडली. पहिल्या दोन ओळी तुम्ही न ऐकताच सांगू शकाल.

वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा,
पूर्ण होवोत तुझ्या सर्व इच्छा.

मराठीत 'शुभेच्छा' आली की तिच्या पदराला धरून 'इच्छा' येतेच. तसंच 'भाऊ' आला की मागोमाग 'खाऊ'. तोही तिच्या वहीत खालच्या ओळीत हजर होता. ही यमकं चुकीची नाहीत, पण ती कुणालाही चालतात. हेच कार्ड साहेबांना दिलं असतं तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. शिवाय पाच वर्षांच्या पोराला 'हार्दिक' म्हणजे काय कळणार? त्याच्या वर्गात त्या नावाचा मुलगा असेल तर गोंधळ वेगळाच.

मी तिला विचारलं, "हे वाचणार कोण?" ती म्हणाली, "मीच. त्याला अजून जोडाक्षरं येत नाहीत." म्हणजे कविता डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी करायची होती. तिथून कामाला सुरुवात झाली.

तिचा पुढचा प्रयत्न असा होता: 'झाली तुला वर्षं पाच, ये रे माझ्यासंगे नाच.' पाचाला यमक नाच, काच, टाच, जाच. बहुतेक अशीच शिदोरी. त्यामुळे 'पाच' ओळीच्या शेवटी ठेवला की भाऊ नाचतो तरी, नाहीतर त्याच्या टाचेत काच तरी जाते. खरं तर त्याला नाच आवडतच नाही, असं तीच म्हणाली. 'वाढदिवस' तर ओळीच्या शेवटी ठेवूच नये, त्याला सहज जोडीदार मिळत नाही. हा शब्द कवितेच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून मोकळं व्हावं.

मग मी तिला म्हटलं, "कविता राहू दे, तो काय काय करतो ते सांग." ती सुटलीच. वय विचारलं की तो गेलं वर्षभर अंगठा तळहातात दुमडून चार बोटं दाखवतो. आता पाच होणार म्हणून अंगठा उघडायचा सराव चाललाय. लपाछपीत रोज एकाच दारामागे लपतो, दाराखालून पाय दिसत असतात, आणि ही जवळ आली की आतून ओरडतो, "इथे कोणी नाही!" अंधारात एकटा जायला घाबरतो, त्यावरही तिने एक झकास ओळ रचली होती. ती मी काढायला लावली. सगळ्यांसमोर वाचायचंय ना? भित्रा म्हटलेलं त्या वयात चांगलंच लागतं. दारामागच्या पायांवर मात्र तो स्वतःच सगळ्यांत आधी हसेल.

आता ठेका. टेबलावर चार टाळ्या वाजवा, प्रत्येक टाळीत चार मात्रा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. टिंब असलेलं किंवा जोडाक्षराआधीचं अक्षरही दीर्घच धरायचं. 'चारच': दोन, एक, एक, झाल्या चार. 'बोटं': दोन आणि दोन. 'होती' तशीच. शेवटी 'काल': तीन मात्रा, आणि चौथीच्या जागी श्वास. ओळ झाली, 'चारच बोटं होती काल.' कालला यमक गाल, आणि गाल फुगवून कोण बसेल? कुणी मोजतच नाही तो अंगठा!

अंगठा बसला फुगवत गाल.

इथे तिने मला पकडलं. "मावशी, अंगठ्याच्या पाच मात्रा होतात." कागदावर होतात. पण बोलताना आपण मधला 'ग' पूर्ण उच्चारत नाही, अंग्‌ठा म्हणतो, म्हणून तोंडात चारच भरतात. बालगीतात तोंडाचं ऐकायचं. शंका आलीच तर टाळी वाजवून म्हणून बघायचं. जिथे जीभ धावते किंवा रेंगाळते तिथे ओळ बिघडलेली असते. 'पाच वर्षांच्या सोन्या, ऊठ' अशी एक ओळ आम्ही करून पाहिली. म्हणताना दोघीही 'वर्षांच्या'वर अडखळलो. त्या एकाच शब्दात सहा मात्रा आणि दोन जोडाक्षरं. ती गेली.

शेवटी कार्डावर उतरलं ते असं:

चारच बोटं होती काल,
अंगठा बसला फुगवत गाल.
आज उघडली सगळी मूठ,
पाची म्हणती, 'सोन्या, ऊठ!'

दाराखाली दिसती पाय,
'कोणी नाही!' म्हणतो काय!
ताई शोधत फिरते खूप,
कळलं असून राहते चूप.

शेवटच्या दोन ओळी तिच्या आहेत, माझ्या नाहीत. मी तिथे 'खूप मोठा हो' छापाचं काहीतरी सुचवत होते. ती म्हणाली, "नको, मोठा झाला की लपणार नाही." आणि खाली मान घालून हे लिहून टाकलं. पाय दिसत असताना घरभर शोधायचं, पलंगाखाली वाकायचं, "कुठे गेला बाई!" म्हणायचं, हे ताईचं रोजचं काम. ते कुणी सांगत नाही आणि भावाला कळत नाही. माझ्या 'मोठा हो'पेक्षा हे कितीतरी सरस होतं, म्हणून मी माझी ओळ मुकाट्याने खोडली.

तुम्हाला हे घ्यायचं असेल तर 'सोन्या'च्या जागी घरातलं नाव घाला, पण चार मात्रांचं. बाळू, चिंटू, राजा, अमोल चालतील. अनिकेत पाच मात्रांचा आहे, त्याला अन्या करावं लागेल. दार नसेल तर पडदा घालू नका, 'पडद्याखाली' म्हणताना ठेका मोडतो. तुमचा भाऊ लपतच नसेल तर तो जे करतो ते शोधा.

कार्डाच्या वरच्या पानावर तिने स्वतःच्या नव्हे, झोपलेल्या भावाच्या हाताभोवती पेन्सिल फिरवून पंजा काढला होता. अंगठा वेगळ्या कागदाचा, फक्त मुळाशी चिकटवलेला आणि आत दुमडलेला. तिसरी ओळ म्हणताना तो उघडायचा. डिंक टोकापर्यंत लावला की अंगठा उघडत नाही, फाटतो. पहिला तसाच गेला.

काल ती सांगायला आली. कविता चार वेळा वाचावी लागली, अंगठा दहा वेळा उघडला आणि मुळातून सुटायला आला. "आणि मग?" मी विचारलं. मग तो कार्ड घेऊन दारामागे गेला. पाय दिसू नयेत म्हणून खाली उशी लावली होती.

आता तिला खरंच शोधावं लागणार.