परत आलेल्या नऊ फायली

[दृश्य: गृहकर्ज देणाऱ्या कंपनीची छोटी शाखा. टेबलावर फायलींचा गठ्ठा. वरच्या फायलीवर पेन्सिलीने लिहिलंय: ‘क्वेरी’.]

निवेदन:
वैभव फायली तपासतो. कर्जाचा अर्ज आला की कागद लावायचे, नावं जुळवायची, फाइल लॉगिन करून क्रेडिट विभागाकडे पाठवायची. गेल्या पंधरा दिवसांत त्याने २० फायली पाठवल्या, त्यातल्या ९ परत आल्या. शेजारच्या टेबलावरच्या दोन-तीनच येतात.

वैभव आणि त्याच्या मॅडम ही पात्रं आम्ही रचली आहेत. पण असा गठ्ठा तुमच्याही ऑफिसात कुठेतरी असेल.

अशा वेळी साहेब लोक सहसा दोनपैकी एक करतात. एक तर झापतात, नाहीतर स्वतः फाइल ओढून घेऊन ‘हे असं करायचं’ म्हणून दाखवतात. झापल्यावर माणूस कारणं देतो, दाखवल्यावर मान डोलावतो. पुढच्या सोमवारी गठ्ठा तेवढाच.

[दृश्य: टेनिस कोर्ट. चेंडू आपटतो, रॅकेटला लागतो.]

निवेदन:
तिसरी वाट टेनिसच्या कोर्टावरून आली. टिमोथी गॅलवे हा अमेरिकन प्रशिक्षक ‘चेंडूकडे बघ’ असं ओरडत बसायचा नाही. तो सांगायचा, चेंडू आपटला की ‘बाउन्स’ म्हण, रॅकेटला लागला की ‘हिट’ म्हण. वेळेवर म्हणायचं तर चेंडूकडे बघावंच लागतं.

हीच युक्ती १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ऑफिसच्या कामात आली. मोटारशर्यतींतून आलेले जॉन व्हिटमोर आणि त्यांच्यासोबत ग्रॅहॅम अलेक्झांडर, अ‍ॅलन फाइन यांच्या कामातून संभाषणाची एक चौकट तयार झाली. तिचं नाव ‘ग्रो’. गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल. म्हणजे काय हवंय, आत्ता काय घडतंय, काय काय करता येईल, आणि नक्की काय करणार.

[दृश्य: मीटिंगची खोली. मॅडम लॅपटॉप बंद करतात. दोन कप चहा.]

मॅडम: वैभव, आज अर्धा तास आपला. या बोलण्यातून तुला काय मिळायला हवं?
वैभव: चुका व्हायला नकोत, मॅडम.
मॅडम: चुका नसल्या तर काय दिसेल? आकड्यात सांग.
वैभव: पुढच्या आठवड्यात... दोनपेक्षा जास्त फायली परत यायला नकोत.

निवेदन:
‘चुका नकोत’ ही इच्छा झाली. ‘आठवड्यात दोनपेक्षा जास्त नाही’ हे मोजता येतं. हा टप्पा दोन-तीन मिनिटांत उरकतो. खरा वेळ द्यायचा तो पुढच्या टप्प्याला, आणि घाई होते तीही नेमकी तिथेच.

मॅडम: या नऊ फायली कशाकशासाठी परत आल्या?
वैभव: असंच, बारीकसारीक.
मॅडम: गठ्ठा इथेच आहे. एकेक बघू या.

[दृश्य: बोटं फायली उलटतात. एका कागदावर ‘सुरेश दत्तात्रय’, दुसऱ्यावर ‘सुरेश डी.’]

वैभव: ही नावाची. फ्लॅट विकणाऱ्याचं नाव इंडेक्स टूवर वेगळं, करारनाम्यात वेगळं. हीसुद्धा नावाचीच... चार नावाच्या. तीन बँक स्टेटमेंटच्या, मधली पानंच नाहीत. आणि या दोन जुन्या करारांच्या साखळीच्या.
मॅडम: नावाच्या आणि स्टेटमेंटच्या मिळून सात. या किती वाजता लॉगिन केल्यास?
वैभव: (स्क्रीन बघत) पाच दहा... पाच पंचवीस... सव्वापाच. सातपैकी सहा पाचनंतरच्या आहेत!
मॅडम: पाचनंतर काय चाललेलं असतं?
वैभव: सेल्सची मुलं चारला फायली आणून टाकतात. साडेपाचला लॉगिन बंद. एका कानाला फोन, आणि समोर उभं राहून ‘झालं का, झालं का’.

निवेदन:
इथे मॅडमनी ‘का’ विचारलं नाही, हे लक्षात आलं का? ‘चुका का होतात?’ विचारलं असतं, तर वैभवने बचाव सुरू केला असता. काय, किती, केव्हा असं विचारलं की माणूस टेबलावरच्या कागदाकडे बघतो. ‘बाउन्स, हिट’चाच हा प्रकार.

‘पाचनंतर’ हा शब्दही वैभवच्याच तोंडून आला. मॅडमना तो आधीच ठाऊक असता, तरी त्यांनी सांगून तेवढा उपयोग झाला नसता.

मॅडम: मग काय काय करता येईल?
वैभव: माहीत नाही, मॅडम.

[दृश्य: शांतता. घड्याळाचा काटा.]

निवेदन:
या क्षणी जीभ आवरणं अवघड असतं. ‘चेकलिस्ट करून बघितलीस का?’ हे वाक्य अगदी ओठांवर येतं. शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी तो सल्लाच आहे, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. मॅडम चहाचा घोट घेतात.

वैभव: ...चारनंतर आलेल्या फायली दुसऱ्या दिवशी सकाळी करता येतील.
मॅडम: आणखी?
वैभव: पानं मोजूनच फाइल घ्यायची. पानं कमी असली की तिथेच परत.
मॅडम: आणखी?
वैभव: नावं तपासताना फोन उलटा ठेवायचा. एवढंच सुचतंय.
मॅडम: यातलं तू कुठलं करणार?
वैभव: चारनंतरच्या फायली सकाळी. उद्यापासून.
मॅडम: हे तू खरंच करशील, याला दहापैकी किती गुण देशील?
वैभव: सहा.
मॅडम: आठ व्हायला काय लागेल?
वैभव: सेल्सवाल्यांना ‘नाही’ म्हणणं मला जमत नाही. ते सीनियर आहेत.
मॅडम: त्यात माझी काय मदत हवी?
वैभव: त्यांच्या मॅनेजरशी तुम्ही बोललात, तर मग आठ. नऊसुद्धा.
मॅडम: आजच बोलते. आपण परत कधी बसायचं?
वैभव: पुढच्या सोमवारी, दहा वाजता.

निवेदन:
गुणांचा प्रश्न विचारला नसता, तर वैभव ‘हो मॅडम’ म्हणून उठला असता आणि बुधवारी पुन्हा पाच पंचवीसला लॉगिन करत बसला असता. आकडा आठच्या खाली आला की काम लहान करायचं किंवा वाटेतली अडचण काढायची. इथे अडचण वैभवच्या हातातली नव्हतीच. चारनंतर फायली आणून टाकायची सवय अख्ख्या शाखेची होती. ती मोडायला मॅडमनाच उठावं लागलं.

[दृश्य: सोमवार, सकाळचे दहा. तीच खोली. गठ्ठा लहान झालाय.]

निवेदन:
आठवड्यात १२ फायली गेल्या. परत आल्या ४. ठरलं होतं दोनचं.

मॅडम: यातल्या पाचनंतरच्या किती?
वैभव: एकही नाही. नावाची एक आहे, ती माझीच चूक. बाकी तिन्ही साखळीच्या.
मॅडम: साखळी म्हणजे काय तपासतोस तू?
वैभव: आधीचे करार लावलेत का, ते.
मॅडम: एका कराराचा पुढच्याशी मेळ कसा लावतोस?
वैभव: (थांबून) ते मला कुणी शिकवलंच नाही, मॅडम.

निवेदन:
आता ग्रो थांबवायचं. जे माणसाला येतच नाही, ते प्रश्न विचारून त्याच्यातून बाहेर काढता येत नाही. विचारत राहिलं तर तो फक्त ओशाळतो. हेतुपुरस्सर नियम मोडणाऱ्यालाही ही पद्धत लागू पडत नाही, त्याच्याशी सरळ बोलावं लागतं. वैभवचं तसं नव्हतं.

[दृश्य: मॅडम खुर्ची ओढून वैभवच्या बाजूला येतात. तीन जुने करार टेबलावर एकाखाली एक मांडतात.]

मॅडम: हा पहिला. यात विकत घेणारा कोण? त्याच्या नावाखाली रेघ मार. आता दुसरा उघड. इथे विकणारा कोण आहे, बघ.

[दृश्य: पेन्सिल दुसऱ्या करारावर थांबते. नाव वेगळं आहे.]

वैभव: मॅडम, मधला एक करारच नाहीये यात.