पावलाखालची फरशी

[दृश्य: खेळाचं चित्रण. दिंडी दरवाजा, चौक, जिना, माडी. संगीत नाही.]

रात्रीची वेळ. हातात कंदील घेतलेली एक मुलगी दिंडी दरवाजातून आत येते. दगडी चौक ओलांडते, लाकडी जिना चढते, माडीवर अंथरलेल्या सतरंजीवरून खिडकीपाशी जाते. पावलांचा आवाज ऐका. चौकात टक, टक. जिन्यावर तेच. सतरंजीवरही तेच.

हा व्हिडिओ गेम दोघं जण मिळून अनरियल इंजिन या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनवत आहेत. एक प्रोग्रॅमिंग पाहतो, दुसरी ध्वनी. गोष्ट सगळी एका वाड्यात आणि अंधारात घडते. कंदिलाचा उजेड चार पावलांपलीकडे पोचत नाही, त्यामुळे खेळणारा कुठे उभा आहे हे त्याला डोळ्यांइतकंच कानांनी कळायला हवं. अशा खेळात सगळीकडे एकच पाऊल वाजणं म्हणजे वाडा अर्धाच बांधलेला असणं.

[दृश्य: संगणकाचा पडदा. चालण्याचं ॲनिमेशन, खाली काळाची पट्टी.]

दोष कुठे आहे ते या पट्टीवर दिसतं. चालण्याच्या ॲनिमेशनमध्ये डावा पाय टेकतो तिथे एक खूण, उजवा टेकतो तिथे दुसरी. या खुणेला `Notify` म्हणतात, आणि तिला एक ध्वनिफाइल जोडलेली आहे. पाऊल कधी वाजवायचं हे खुणेला अचूक माहीत आहे. कशावर पडलं, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

[दृश्य: जुन्या संगणकावर १९९८ सालचा ‘हाफ-लाइफ’. पात्र लोखंडी जाळीवरून चालतं आहे.]

हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचं एक देखणं उत्तरही जुनं आहे. १९९८ साली आलेल्या ‘हाफ-लाइफ’मध्ये धातू, जाळी, माती, टाइल, पाणी असं सगळं वेगवेगळं वाजतं. त्यासाठी खेळाच्या `sound` फोल्डरमध्ये `materials.txt` नावाची एक साधी यादी ठेवलेली होती. जमिनीवर चिकटवलेल्या चित्राचं नाव, आणि त्याच्यापुढे एकच अक्षर. M म्हणजे धातू, D म्हणजे माती, T म्हणजे टाइल. खेळ पायाखालच्या चित्राचं नाव वाचायचा, यादीत अक्षर शोधायचा आणि त्या जातीचं पाऊल वाजवायचा. धातू, माती, जाळी अशा जातींना चार-चार पावलं होती, दोन डाव्या पायाची, दोन उजव्या पायाची. यादीत नाव सापडलं नाही, तर काँक्रीट. तेव्हाच्या तुटपुंज्या मेमरीतही डावा पाय आणि उजवा पाय वेगळा ठेवावासा वाटला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

[दृश्य: ध्वनिमुद्रण. जमिनीवर दगडी फरशी, शेजारी लाकडी फळ्या. माइक घोट्याच्या उंचीवर.]

आवाज मिळवण्याचं काम इथे चाललं आहे. तयार ध्वनिसंग्रहातली पावलं बहुतेक बुटांची असतात. वाड्यातली मुलगी कोल्हापुरी घालते, आणि कोल्हापुरीच्या एका पावलात तीन आवाज असतात. टाच टेकते, मग चवडा, आणि पाय उचलताना तळव्यावर आपटणारी चप्पल. दगडावर टाच ठळक वाजते. फळीवर टाच बोथट होते आणि खालच्या पोकळीतून घुमारा येतो. सतरंजीवर टाच जवळजवळ नाहीशी होते, चपलेचा फटका तेवढा उरतो.

मुद्रण मुद्दाम अशा खोलीत केलं आहे, जिथे भिंतींवर गोधड्या टांगल्या आहेत. खोलीचा घुमारा आवाजात शिरला तर तो पुढे नीट काढता येत नाही. चौकाचा किंवा माडीचा घुमारा खेळाने नंतर द्यायचा असतो. फळीची करकर वेगळी मुद्रित होते आहे. ती पावलातच मिसळली, तर दर पायरी करकरेल आणि ऐकणाऱ्याला तीच फाइल परत लागल्याचं लगेच कळेल.

[दृश्य: पुन्हा पडदा. मुलीच्या पायाखाली लाल रेष उमटते आणि विझते.]

ही लाल रेष म्हणजे दुरुस्ती. खूण आता आवाज वाजवत नाही. ती घोट्याच्या हाडापासून, `foot_l` किंवा `foot_r` पासून, सरळ खाली एक अदृश्य रेष सोडते. रेष जिथे थडकते तिथला पृष्ठभाग कोणत्या जातीचा आहे हे विचारते, आणि त्या जातीच्या संचातलं एक पाऊल निवडते. लागोपाठ दोनदा तेच निवडायचं नाही, एवढा नियम. दगड, लाकूड, कापड या जाती `Physical Surface` च्या यादीत आधी लिहून ठेवायच्या आणि प्रत्येक मटेरियलला त्यातली एक `Physical Material` मार्फत जोडायची.

ब्लूप्रिंटमध्ये, म्हणजे अनरियलच्या चौकटी आणि तारा जोडून करायच्या प्रोग्रॅमिंगमध्ये, जोडल्यावर हे पहिल्या फटक्यात चाललं. तेच काम सी प्लस प्लसमध्ये हलवलं, तर रेष थडकत होती, पण जात सगळीकडे `Default`, म्हणजे न ठरवलेली. कारण ब्लूप्रिंट जात आपणहून मागून घेतं. कोडमध्ये ती मागावी लागते:

```cpp
FCollisionQueryParams Params;
Params.AddIgnoredActor(GetOwner());
Params.bReturnPhysicalMaterial = true;
Params.bTraceComplex = true;
```

दुसरी ओळ रेष मुलीच्याच अंगावर थडकू नये म्हणून. शेवटची ओळ मात्र जिन्याने लिहायला लावली.

[दृश्य: जिना. दगडी जोतं, वर लाकडी पायऱ्या. पडद्याच्या कोपऱ्यात जातीचं नाव उमटतं आहे.]

जोतं आणि पायऱ्या मिळून हा एकच मॉडेल आहे. त्याच्याभोवती टकरीसाठी एक साधा, ढोबळ आकार असतो, आणि त्या अख्ख्या आकाराला जात एकच. म्हणून लाकडी पायरीवरही कोपऱ्यात ‘दगड’ उमटत होतं. `bTraceComplex` लावल्यावर रेष ढोबळ आकार सोडून मॉडेल ज्यांचं बनलेलं असतं त्या खऱ्या त्रिकोणांवर जाते आणि त्या त्रिकोणाच्या मटेरियलची जात आणते. हे थोडं महाग पडतं, पण एका पावलाला एक रेष, एवढ्याने यंत्राला काही जड जात नाही.

[दृश्य: माडी. सतरंजीवर पाऊल, कोपऱ्यात ‘लाकूड’.]

सतरंजीचा घोटाळा निराळा. तिच्या कडेला पाय अडखळू नये म्हणून तिची टक्कर कधीच बंद केलेली होती. रेष तिच्यातून आरपार जाऊन खालच्या फळीला लागायची. मग पावलांसाठी `Footstep` नावाची वेगळी वाहिनी केली, म्हणजे या रेषेला कशाने अडवायचं हे वेगळं ठरवता येतं. सतरंजीची टक्कर `Query Only` ठेवली. मुलीच्या देहाला ती वाट देते, `Footstep` च्या रेषेला मात्र अडवते.

चाचणीत `Default` ला काँक्रीट दिलेलं नाही, मुद्दाम एक कर्कश पिपाणी दिली आहे. विसरलेली फरशी आपणहून ओरडते. काँक्रीट दिलं असतं, तर ती ‘हाफ-लाइफ’च्या यादीतून सुटलेल्या नावासारखी गुपचूप लपली असती.

[दृश्य: तीच चाल, सुरुवातीपासून. संगीत नाही. निवेदन थांबतं, चौक ते माडी पूर्ण ऐकू द्यावं.]

[दृश्य: खेळून पाहणारे, कानाला हेडफोन.]

खेळून पाहणारे आता कंदील विझला तरी जिना शोधतात.

[दृश्य: चौकात पाऊस.]

पावसाचं काम अजून चालू आहे. ओला दगड हीसुद्धा रेषेला दगडच. त्यामुळे ओल ही नवी जात न करता शून्य ते एक असा आकडा ठेवला आहे. दगडाचं पाऊल तसंच वाजतं, आणि त्या आकड्याच्या प्रमाणात पाण्याचा चुबकारा त्यावर चढतो. ओसरीच्या आत चार पावलं तो आकडा हळूहळू उतरावा, चपला ओल्या असतात म्हणून, यावर सध्या दोघं बसले आहेत.